बकाबाई, मारबत आणि मत्सराचा आरोप

दुसऱ्याचे वाईट झाले आणि आपल्याला बरे वाटले, तर त्या आनंदाच्या मुळाशी मत्सरच असतो, हे मत आपल्याकडे पक्के बसलेले आहे. कुणी "बरी जिरली" म्हणाले की ऐकणारा निदान करून मोकळा होतो: हा आधीपासूनच जळत होता. अशा आनंदाला आपण आसुरी म्हणतो, षड्रिपूंतल्या शेवटच्या रिपूच्या खात्यावर तो टाकतो आणि विषय संपवतो. मला हे निदान अपुरे वाटते. त्यामुळे काही माणसांवर अन्याय होतो आणि काही माणसे विनाकारण सुटतात. ते का, हे नागपूरच्या मारबतीच्या आधाराने मांडायचे आहे. परक्याच्या नाशाचा आनंद एवढ्या उघडपणे, एवढ्या मोठ्या समुदायाने आणि इतकी वर्षे साजरा करणारे दुसरे ठिकाण मला ठाऊक नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सगळ्या बळानिशी. शोपेनहाउअरने मत्सराला मानवी म्हटले आणि परदुःखाच्या आनंदाला सैतानी. मत्सर वाटणे हे माणसाचे दुबळेपण आहे; पण दुसऱ्याच्या यातनेत रस घेणे हे करुणेच्या थेट उलट आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. आपल्या परंपरेतही याला आधार सापडतो. योगसूत्रांत सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा सांगितली आहे. म्हणजे दुष्ट माणूस पडला तरी आनंद सांगितलेला नाही. सांगितली आहे ती उपेक्षा. त्यात २००९ मध्ये जपानी संशोधकांच्या एका गटाने 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि या मताला विज्ञानाचा शिक्का मिळाल्यासारखे झाले. एकोणीस जणांना एक गोष्ट वाचायला दिली आणि तिच्या नायकाच्या जागी स्वतःला कल्पायला सांगितले. गोष्टीत आणखी काही विद्यार्थी होते. एक नायकाच्याच क्षेत्रात त्याच्यापेक्षा सरस, दुसरा सामान्य. सरस विद्यार्थ्याविषयी वाचताना मेंदूतला वेदनेशी निगडित असलेला भाग जागा झाला. पुढे त्याच विद्यार्थ्यावर संकटे आली, तेव्हा बक्षीस मिळाल्यावर जो भाग उजळतो तो उजळला. ज्यांना मत्सराची कळ अधिक लागली होती, त्यांच्यात हा उजेडही अधिक होता. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा, असे पूर्वपक्ष विचारतो.

प्रयोग चांगला आहे आणि त्याचा निष्कर्षही त्याच्या मर्यादेत खरा आहे. पण मर्यादा पाहिली पाहिजे. त्या गोष्टीतल्या सरस विद्यार्थ्याने कुणाचे काही बिघडवलेले नव्हते. तो हुशार होता, एवढाच त्याचा दोष. ज्याला कुणी दुखावलेले नाही, लुबाडलेले नाही, अशा माणसासमोर निरपराध पण वरचढ माणूस उभा केला आणि मग तो पाडला, तर होणाऱ्या आनंदात मत्सराखेरीज दुसरे काय सापडणार? फक्त कोळंबीसाठी विणलेले जाळे टाकून नदीत कोळंबीच असते असे म्हणण्यासारखे हे झाले. अपराध्याचा पाडाव त्या प्रयोगात नव्हताच, आणि आपल्या रोजच्या "बरी जिरली"पैकी पुष्कळशी अपराध्यालाच उद्देशून असतात.

आता नागपूरच्या इतवारीत येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान मुले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असतात आणि त्याच दिवशी जुन्या नागपुरातून मारबती निघतात. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत तेली समाजाची मंडळी काढतात. तिची परंपरा १८८५ पासूनची सांगतात. इतवारीतल्या नेहरू पुतळ्याजवळून निघणारी काळी मारबत त्याहून जुनी, १८८१ पासूनची सांगतात. बांबूचा सांगाडा आणि त्यावर रंगवलेला कागद असे या प्रचंड आकृत्यांचे शरीर असते. दोघींची भेट होते, गर्दी उसळते, रोगराई आणि खोकला घेऊन जाण्यासाठी मारबतीला हाका दिल्या जातात आणि शेवटी गावाबाहेर नेल्याच्या भावनेने तिचे दहन होते. सोबत बडगे असतात. हे त्या त्या वर्षीच्या वाईटाचे पुतळे: महागाई, लाचखोरी, दहशतवाद, कधी एखादा पुढारी, गळ्यात झोंबणाऱ्या मजकुराची पाटी.

पिवळ्या मारबतीकडे लोक रोगापासून राखणारी म्हणून श्रद्धेने पाहतात. काळीची गोष्ट निराळी. कुणी तिला पूतना म्हणतात. पण नागपुरात तिच्याशी घट्ट जोडलेले नाव आहे भोसल्यांच्या राणी बकाबाईचे. ही राणी इंग्रजांना जाऊन मिळाली आणि नागपूरचे राज्य गेले, म्हणून तिचे दहन, असे आजोबा नातवाला सांगतो. हजारो माणसे एका स्त्रीच्या प्रतिमेला वाजतगाजत आगीपाशी नेतात आणि आग लागली की हर्षाने ओरडतात. पूर्वपक्षाची व्याख्या शब्दशः लावली तर हा निखळ आसुरी आनंद ठरतो.

मग मत्सर कुठे आहे ते दाखवा. मत्सराला जवळीक लागते. कुंभार कुंभाराचा हेवा करतो, हे हेसिअडने म्हटले आणि अ‍ॅरिस्टॉटलने उचलून धरले: वयाने, धंद्याने, मानाने जो आपल्या बरोबरीचा, त्याचेच वैभव खुपते. इतवारीतला विणकर किंवा घाणीवाला स्वतःला कोणत्याही काळी राणीच्या पंक्तीला धरत नव्हता. शिवाय काळी मारबत निघू लागली तेव्हा बकाबाई जाऊन वीस वर्षे उलटली होती. भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते, खजिना कंपनीने उचलला होता. १८८१ मध्ये बकाबाईपाशी हेवा करण्यासारखे काहीही शिल्लक नव्हते. तरी तिच्या नावाने आग पेटली आणि लोकांना बरे वाटले. मत्सराच्या उपपत्तीला या बरे वाटण्याचा उलगडा करता येत नाही.

उलगडा होतो तो न्यायबुद्धीने. इथेही अ‍ॅरिस्टॉटलच मदतीला येतो, आणि पूर्वपक्ष त्याला अर्धाच वाचतो. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात परदुःखाच्या आनंदाला त्याने मत्सराशेजारी बसवले आणि मुळातच वाईट ठरवले, हे खरे. पण 'र्‍हेटॉरिक'मध्ये तोच म्हणतो की ज्याला अपात्र माणसाच्या भरभराटीने दुःख होते, त्याला शिक्षेस पात्र माणसाच्या शिक्षेने आनंद होईल किंवा निदान वाईट वाटणार नाही. पितृघातक्याला आणि खुन्याला शिक्षा झाली म्हणून भला माणूस हळहळत नाही. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन आनंदांत त्याने पात्रतेची रेघ ओढली. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी मोठ्या माणसांच्या पडण्याकडे लोक कसे पाहतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि त्यांनाही हीच रेघ ठळक दिसली. पडणारा किती उंच होता याहून, त्याने ती उंची कष्टाने कमावली होती की नाही आणि त्याचे पडणे त्याच्या कर्माने झाले की नाही, याला लोक जास्त वजन देतात.

आणि प्रयोगशाळेचाच दाखला हवा असेल तर २००६ चा आहे. तानिया झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बत्तीस जणांना आधी पैशांचा एक खेळ खेळायला लावला. समोरच्या दोन खेळाडूंपैकी एक सचोटीने वागला, दुसऱ्याने विश्वासाचा गैरफायदा घेतला. नंतर दोघांच्याही हाताला विजेचा झटका देताना या बत्तीस जणांना दाखवले. सचोटीच्या खेळाडूचे दुखले तेव्हा पाहणाऱ्यांच्या मेंदूतही वेदनेची छाया उमटली. लबाड खेळाडूच्या बाबतीत पुरुषांमध्ये ही छाया पुसट झाली आणि बक्षिसाचा भाग उजळला. ज्याला बदला घ्यावासा वाटत होता त्याच्यात अधिक. स्त्रियांमध्ये हा फरक फारसा दिसला नाही. खेळाडू तेव्हाच भेटलेले, श्रीमंतीचा-हुशारीचा प्रश्नच नाही. मत्सराला जागा नसताना तोच आनंद उत्पन्न झाला, आणि तो उत्पन्न केला फसवणुकीने.

योगसूत्रांतल्या उपेक्षेचा मुद्दाही इथेच निकालात काढतो. ते सूत्र चित्त प्रसन्न कसे राहील हे साधकाला सांगते. अपराध्याविषयी माणसाला प्रत्यक्षात काय वाटते आणि का, हा त्याचा विषय नाही. ज्याची दुकानगाळ्याची पागडी बुडवली गेली, त्याला बुडवणाऱ्याच्या अटकेची बातमी वाचून जे वाटते, ते उपेक्षा नसते आणि मत्सरही नसतो.

यावर पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते, आणि ते वजनदार आहे. तो म्हणतो, न्याय हे मत्सराचे धुतलेले वस्त्र आहे. कोणताही मत्सरी माणूस "मी जळतो" असे म्हणत नाही. तो "त्याने ते लायकीने मिळवले नव्हते" असेच म्हणतो. हे खरे आहे आणि रोज घडते. शेजारच्या मुलाची नोकरी गेली की वशिल्याची जुनी कुजबुज अचानक पुरावा होऊन बसते. पण यातून सगळा न्याय म्हणजे मत्सर असे सिद्ध होत नाही. दोघांना वेगळे ओळखायची कसोटी हवी, एवढेच सिद्ध होते. माझ्या मते ती कसोटी आहे नव्या माहितीची. पडलेल्या माणसाचा दोष नव्हताच, किंवा समजलो त्याहून फार थोडा होता, असे कळल्यावर त्या आनंदाचे काय होते ते पाहावे. न्यायबुद्धीतून आलेला आनंद दोषावर उभा असतो. दोष काढून घेतला की तो कोसळतो आणि मागे अपराधी वाटणे उरते. मत्सरातून आलेल्या आनंदाला दोषाची गरजच नसते. एक दोष खोटा ठरला की तो दुसरा शोधतो.

बकाबाईला ही कसोटी लावून पाहू, कारण इतिहासातली बकाबाई आजोबांच्या गोष्टीतल्या बकाबाईपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

दुसरे रघुजी भोसले १८१६ च्या मार्चमध्ये वारले. बकाबाई त्यांच्या राणी. गादीवर आलेले परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळे होते, त्यामुळे कारभार कुणी पाहायचा यावरून वाड्यात लगेच दोन तट पडले. एका बाजूला बकाबाई, दुसरीकडे रघुजींचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली, आणि ती इंग्रजांच्या पाठबळावर: त्याच वर्षीच्या मे महिन्यात तैनाती फौजेचा तह त्यांनीच केला. कंपनीची फौज नागपुरात आणली ती बकाबाईने नव्हे, पुढे वीर ठरलेल्या आप्पासाहेबांनी. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी मृतावस्थेत सापडले आणि संशय आप्पासाहेबांवर गेला. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब इंग्रजांवर उलटले होते, भोसल्यांच्या फौजेतले अरब शिपाई टेकडीवर जिवावर उदार होऊन लढले, तरी लढाई हरली. पुढे आप्पासाहेब कैद झाले, निसटले, वणवण फिरले आणि १८४० मध्ये जोधपूरला परागंदा अवस्थेत वारले. इकडे १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा लहान मुलगा गादीवर बसवला गेला. ते तिसरे रघुजी. बकाबाईकडे पालकत्व आले. खरी सत्ता मात्र रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या हाती होती.

म्हणजे ती इंग्रजांच्या बाजूने होती, हे खरे. १८५७ मध्येही तिने आपल्या माणसांना उठावापासून रोखले, हेही खरे. पण १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाशिवाय गेले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, तेव्हा दत्तकाचा हक्क मागत बकाबाई आणि वाड्यातल्या इतर राण्या लंडनपर्यंत वकील पाठवून भांडल्या. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. वाड्यातले सामान हलवू लागले तेव्हा म्हाताऱ्या बकाबाईने वाडाच पेटवून देण्याची धमकी दिली, असे इंग्रज इतिहासकार केय याने नमूद केले आहे. ज्या बाईला आपण दरवर्षी पेटवतो, तिने राज्य जाताना स्वतःचा वाडा पेटवायची तयारी दाखवली होती.

हे सांगितल्यावर काळ्या मारबतीच्या गर्दीतल्या माणसाचा आनंद कमी होतो का? मिरवणुकीत भेटलेल्या अनेकांपाशी मी हा विषय काढला आहे आणि मला दोन तऱ्हा दिसल्या. बहुतेकांना फरक पडत नाही, कारण ते राणीला जाळतच नसतात. "खोकला जाऊ दे, पोराचं दुखणं जाऊ दे, झालं" असे एक आजी म्हणाल्या. त्यांच्यासाठी ती आकृती वर्षभराची पीडा भरून बाहेर न्यायची वस्तू आहे. पीडा गेल्याचा आनंद आणि कुणाला पीडा झाल्याचा आनंद हे एक नव्हे; यांना आसुरी म्हणणारा माणूस त्या आजींवर उघड अन्याय करतो. पण काहींचा चेहरा बदलतो. ते ऐकून घेतात, जरा थांबतात आणि म्हणतात: तह आप्पासाहेबांनी केला असेल, पण फितुरी तर तिनेच केली ना? दोष काढून घेतला तरी आनंद कोसळला नाही, दुसरा दोष पुढे आला. माझ्याच कसोटीने हा आनंद निव्वळ न्यायबुद्धीचा नव्हे, हे मला मान्य करावे लागते.

मग तो मत्सराचा का? तेही नाही, कारण हेवा करण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हते हे वर पाहिलेच. इथे तिसरी गोष्ट येते, जिच्याकडे पूर्वपक्षाचे लक्षच नाही: दुखावलेला स्वाभिमान. आपण हरलो असे म्हणणे जड जाते. आपल्याला घरातल्याने दगा दिला असे म्हणणे सोपे जाते. सीताबर्डीला आपली फौज संख्येने जास्त असूनही हटली, हे सत्य एका शहराने साठ-पासष्ट वर्षे पोटात बाळगावे, यापेक्षा एक फितूर राणी सापडणे सुसह्य आहे. ती जळते तेव्हा हरल्याची लाज जळते. त्या आनंदात तिच्याविषयी फार थोडे असते, स्वतःविषयी पुष्कळ असते.

हे माझे एकट्याचे अनुमान नाही. कॉलिन लीच आणि रसेल स्पीअर्स यांनी २००८ मध्ये विद्यापीठांच्या चढाओढीत हीच गोष्ट तपासली. आपले विद्यापीठ मागे पडले आहे असे कळलेल्या विद्यार्थ्यांना, यशस्वी विद्यापीठ नंतर दुसऱ्या कुणाकडून हरल्यावर आनंद झाला. तो आनंद त्या यशस्वी विद्यापीठाविषयीच्या मत्सराने फारसा समजत नव्हता. आपण कमी पडलो याची जी वेदना होती, तिनेच तो अधिक नीट समजत होता. त्याच सुमाराच्या आणि त्याआधीच्या डच फुटबॉलप्रेमींवरच्या अभ्यासातही हीच दिशा दिसते. मग २०११ मध्ये विल्को व्हान डाइक आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने पाहिले. ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता, त्यांना हुशार विद्यार्थ्याच्या अपयशाने अधिक आनंद झाला. पण त्याआधी त्यांना स्वतःविषयी बरे वाटण्याची संधी दिली, तर तो आनंद घटला. हुशार विद्यार्थी तोच, त्याची हुशारी तीच, अपयशही तेच. बदलला तो पाहणाऱ्याच्या मनातला स्वतःचा भाव. यावरून मला वाटते की मत्सराचा ठपका इथे चुकीच्या दाराशी थांबतो. अशा माणसाला "तू जळका आहेस" असे सुनावले तर त्याचा आधीच खचलेला आत्मसन्मान आणखी खचतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच्या पडण्याची त्याला अधिकच गरज भासते.

मत्सराचा आनंद अस्तित्वातच नाही, असे मी म्हणत नाही. एकाच शिकवणीला जाणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीची सीट हुकल्यावर दुसरीच्या मनात जी गुदगुली होते, ती मत्सराचीच, आणि जपानी प्रयोगाने तिचे अचूक वर्णन केले आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की त्या एका जातीवरून सगळे कूळ ओळखले असे आपण मानतो. परिणामी फसवल्या गेलेल्या माणसाचा रास्त समाधानाचा सुस्कारा जळकेपणा ठरतो. आणि हरलेल्याची जखम, जिला खरे तर इतिहास वाचून भरण्याची गरज आहे, ती दरवर्षी एका बाईवर काढली जाते.

बडग्यांच्या बाबतीत हाच फरक डोळ्यांनी दिसतो. पुतळ्याच्या गळ्यातली पाटी वाचावी. पाटीवर लाच, खड्डे, बुडवलेल्या ठेवी, म्हणजे त्या माणसाने केलेले कृत्य असेल, तर त्या हशाला मी न्यायाचा हशा म्हणेन. पाटीवर त्याचे शरीर, जात, बायको असेल, तर तिथे कृत्याचा संबंध सुटलेला आहे आणि हसणाऱ्याचे स्वतःचे काही तरी दुखते आहे. दोन्ही पाट्या एकाच मिरवणुकीत, एकाच गर्दीत चालतात, आणि एकच माणूस दोन्हींना हसतो. म्हणूनच माणसाला एक शिक्का मारून चालत नाही. आनंदाच्या प्रत्येक प्रसंगाची वेगळी विचारपूस करावी लागते.

आणि बकाबाईच्या प्रसंगाची विचारपूस करताना एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तैनाती फौजेच्या जोरावर नागपूर हाताशी धरणारा जेन्किन्स होता, राज्य खालसा करणारा डलहौसी होता, लिलाव कंपनीने केला. निखळ न्यायबुद्धीने जाळायचे तर पहिला मान यांचा होता. १८८१ मध्ये इंग्रजांचे राज्य होते, त्यांचा पुतळा भर इतवारीत जाळणे सोपे नव्हते, हे समजते. पण १९४७ नंतर ती अडचण संपली. गेल्या कितीतरी तान्ह्या पोळ्यांना मी नवनवे बडगे पाहिले. जेन्किन्सचा बडगा मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही. त्याने हरवले होते हे कबूल करावे लागते, आणि बकाबाईने दगा दिला एवढे म्हटले की ते कबूल करावे लागत नाही.